चार वह्या, एक केसबुक, एकतीस दिवस: करारकायद्याची आउटलाइन कशी बांधू?

सुरंगी | रात्री १०.४२

मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. फोंड्याहून रोज पणजीला ये-जा. करारकायद्याचा पेपर बरोबर एकतीस दिवसांवर आलाय आणि मधे दिवाळी, म्हणजे नरकासुराची रात्र आणि पुढचे दोन दिवस घरात अभ्यास होणार नाही हे मी आत्ताच धरून चाललेय.

माझ्याकडे काय आहे ते सांगते. लेक्चरच्या चार वह्या, कारण जी हाताला लागली ती बसमध्ये घेऊन गेले. कॉलेजने दिलेलं केसबुक, म्हणजे ११२ पानांचं झेरॉक्स. त्यात निकालांचे उतारे आहेत आणि समासात माझीच पेन्सिल आहे, जी आता मलाच लागत नाही. डेंग्यूमुळे तीन लेक्चरं बुडली, त्यांचे मैत्रिणीने पाठवलेले फोटो. आणि एका सीनिअरची ९६ पानांची टाइप केलेली आउटलाइन, जी अख्खा वर्ग वापरतोय.

गेल्या आठवड्यात पहिल्या लेक्चरपासून सगळं फेअर करायला घेतलं. चार दिवसांत ३४ पानं झाली आणि अजून प्रतिफलावरच, म्हणजे वचनाच्या बदल्यात काय मिळतं त्यावरच आहे. अल्पवयीनाच्या कराराचं तर विचारूच नका. ऑगस्टच्या वहीत 'मायनर, व्हॉइड, मोहोरी बीबी, महत्त्वाचं' एवढंच आहे, दुसऱ्या वहीत 'कलम ३३??' असं नुसतंच, आणि खान गुल खटला तिसऱ्या वहीत कुठल्या तरी वेगळ्याच मथळ्याखाली. हे एकत्र कसं आणायचं?

---

निवृत्त गुरुजी | रात्री ११.०५

ताई, अभ्यासक्रमाची रूपरेषा करताना आधी एकूण तासिका मोजाव्यात. समजा सत्रात ६० तासिका आहेत, तर प्रत्येक घटकाला किती तासिका, कोणता स्वाध्याय, मूल्यमापन कसं, हे तक्त्यात मांडावं. मी डिचोलीच्या शाळेत अशीच वार्षिक नियोजनं केली. मुख्याध्यापकांची सही घ्यायला विसरू नका.

---

सुरंगी | रात्री ११.११

गुरुजी, मी शिकवत नाही हो, शिकतेय. :) आउटलाइन म्हणजे परीक्षेआधी सगळा विषय एका ठिकाणी आणलेली माझी स्वतःची टिपणं.

---

निवृत्त गुरुजी | रात्री ११.२०

अस्सं. मग सही नको.

---

धावता कदंब | रात्री ११.३८

तिसऱ्या वर्षाचा अनुभव ऐक. एवढा घोळ घालायची गरज नाही. सीनिअरची आउटलाइन घे आणि तिच्यात तुझी लेक्चरं घाल, झालं. अल्पवयीन हा तर सगळ्यांत सोपा टॉपिक. मोहोरी बीबी, १९०३, प्रिव्ही कौन्सिल. करार मुळातच शून्य, अल्पवयीनाला एस्टॉपेल लागत नाही, म्हणजे वय खोटं सांगितलं असलं तरी नंतर 'मी लहान होतो' म्हणता येतं, आणि पैसे परत मिळत नाहीत. तीन ओळी. मला त्यात बरे मार्क होते.

---

पावसाळी | रात्री ११.५१

मी चाळिशीत लॉ केलं, दोन मुलं सांभाळून. पहिल्या वर्षी सुरंगीसारखंच सगळं फेअर केलं, चार रंगांच्या पेनांनी. ९० पानं झाली. परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं की ती लिहिलीयत, पण परत एकदाही वाचलेली नाहीत. प्रॉब्लेमचा प्रश्न आला तेव्हा 'हे माझ्याकडे हिरव्या शाईत आहे' एवढंच आठवत होतं. उपाय माझ्याकडे नाही, पण फेअर करणं आजच थांबव.

---

कुळागर | सकाळी ६.२०

म्हापशात वकिली करतो, मधे काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंही. सुरंगी, पावसाळीताई बरोबर बोलतायत. कदंब अर्धा बरोबर आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

तू लेक्चरच्या क्रमाने लिहितेयस, म्हणून गाडी प्रतिफलावर अडकली. लेक्चरचा क्रम सरांच्या सोयीचा असतो. एखादी केस सुट्टीच्या आधी उरकायची म्हणून पुढे घेतात, एखादी विसरली म्हणून महिन्याने सांगतात. आउटलाइनचा क्रम मात्र प्रश्न सोडवताना डोकं ज्या वाटेने जातं तसा हवा.

पहिले दोन दिवस एकही वाक्य उतरवू नकोस. चारही वह्या, मैत्रिणीचे फोटो छापून, आणि केसबुक एकावर एक ठेव आणि कोपऱ्यात सलग पानक्रमांक घाल. समजा २८० आले. मग सात-आठ कोरे कागद घे आणि सांगाडा लिही. त्यासाठी तीनच गोष्टी लागतात: सिलॅबस, बेअर ॲक्टची म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराची अनुक्रमणिका आणि मागचे चार-पाच पेपर. प्रस्ताव, स्वीकार, प्रतिफल, पात्रता, संमती असे मथळे, प्रत्येकाखाली कलमं, आणि पेपरात त्यावर प्रश्न आला असेल तर पुढे एक फुली. आता २८० पानं नुसती चाळायची आणि जो मुद्दा दिसेल त्याचा पानक्रमांक सांगाड्यात त्या जागी टाकायचा. नुसता आकडा.

दुसऱ्या संध्याकाळी तुला दिसेल की पात्रतेपुढे '१७, ८८, १४१, २०३–२०९, २५२' असं काहीतरी आलंय. म्हणजे तुझा विस्कळीत विषय अजून पाचच ठिकाणी आहे, पण आता ती पाच ठिकाणं तुला ठाऊक आहेत. जिथे तीन फुल्या आहेत आणि पानक्रमांक एकच, ती जागा कच्ची. बुडलेली लेक्चरंही तिथेच सापडतील.

त्यानंतर रोज दोन उपविषय, प्रत्येकी दीड तास. त्या-त्या ठिकाणची पानं वाचायची, मिटायची, आणि न बघता एक पान लिहायचं. मग उघडून चुकलेलं दुरुस्त करायचं. न बघता लिहिणं हाच यातला अभ्यास. बघून लिहिलंस की फेअर करणं झालं.

कोर्टात जातोय. उरलेलं रात्री.

---

मांडवी काठ | सकाळी ९.१४

वकीलसाहेब, अल्पवयीनाचा विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या भाच्याच्या नावावर पेडण्यात जागा आहे, तो सोळा वर्षांचा. त्याच्या वडिलांनी एकाकडून विसार घेतलाय. आता काय होईल? आणि आपल्याकडे पोर्तुगीज कायदा आहे ना, मग इथे हा करारकायदा लागतो तरी का?

---

धावता कदंब | सकाळी ९.४०

गोव्यात समान नागरी कायदा आहे, त्यामुळे वेगळं असणार.

---

कुळागर | रात्री ९.०८

मांडवी काठ, तुमच्या प्रश्नाला इथे उत्तर देणार नाही. वडिलांनी पालक म्हणून काय केलं, कोर्टाची परवानगी होती का, जागा भाच्याकडे कशी आली, हे कागद पाहिल्याशिवाय बोलणं बरं नाही. कागद घेऊन एखाद्या वकिलाकडे जा, आणि लवकर जा.

दुसरा प्रश्न मात्र सुरंगीच्या कामाचा आहे, कारण वर्गात दर वर्षी कोणीतरी हा घोळ घालतोच. लग्नानंतरची मालमत्ता, वारसा आणि इन्व्हेंटरी, म्हणजे माणूस वारल्यावर मालमत्तेची यादी करून वाटणी, यांत आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा आहे. वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या अधिनियमात आहे. पण करारासाठी मुक्तीनंतर १८७२ चा भारतीय करार अधिनियमच इथे लागू झाला. करारकायद्याच्या पेपरात पोर्तुगीज संहिता आणू नकोस.

आता कदंबच्या तीन ओळी. त्या तशाच लिहिल्या तर पास होशील, पण प्रॉब्लेमचा प्रश्न सुटणार नाही. कारण केसबुकमध्ये अल्पवयीनाच्या चार केसेस का आहेत, हेच त्या तीन ओळींत येत नाही.

मोहोरी बीबीत काय घडलं ते नीट बघ. धर्मोदास घोष या अल्पवयीनाने १८९५ मध्ये सावकार ब्रह्मो दत्त याच्याकडे २०,००० रुपयांचं गहाणखत केलं. व्यवहार सावकाराच्या वतीने त्याचा मुखत्यार बघत होता, आणि मुलगा अल्पवयीन आहे हे मुलाच्या आईच्या वकिलाने त्याला आधीच कळवलं होतं. म्हणजे समोरच्याला ठाऊक होतं. शिवाय कोर्टात गेला तो मुलगाच, आईमार्फत, गहाणखत रद्द करून घ्यायला. म्हणजे मुलगा वादी होता. पुढे सावकार वारला आणि मोहोरी बीबीचं नाव खटल्यावर आलं.

वयाचं खोटं निवेदन केलं म्हणून मुलाला एस्टॉपेल लागेल का, यावर प्रिव्ही कौन्सिलने एवढंच म्हटलं की ज्याला खरं ठाऊक होतं त्याची फसवणूक झालीच नाही, म्हणून इथे एस्टॉपेलचा प्रश्नच येत नाही. 'अल्पवयीनाला एस्टॉपेल कधीच लागत नाही' हे वाक्य त्या निकालात नाही. ते नंतरच्या हायकोर्टांनी म्हटलंय. कदंब, मीही दहा वर्षं तसंच म्हणत होतो, एकदा न्यायाधीशांनी निकालाचं पान उघडायला लावलं तेव्हा कळलं.

पैसे परत करण्याचंही तसंच. करार अधिनियमाचं कलम ६५ लागू नाही, कारण ते पात्र पक्षांमधला करार गृहीत धरतं. पण १८७७ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाखाली, लेख रद्द करून मागणाऱ्या वादीला पैसे परत करायला सांगण्याची मुभा कोर्टाला होती. तीही इथे वापरली गेली नाही, कारण सावकाराने ठाऊक असून पैसे दिले होते.

म्हणून सुरंगी, या विषयाखाली चार केसेस एकाखाली एक लिहू नकोस. दोन प्रश्न लिही. अल्पवयीन वादी आहे की प्रतिवादी? समोरच्याला वय ठाऊक होतं का? सगळ्या केसेस या दोन प्रश्नांवर आपोआप बसतात.

---

सुरंगी | रात्री १०.३०

थांबा, हे बसून लिहिते. खान गुलमध्ये मुलगा प्रतिवादी होता ना? माझ्या वहीत फक्त 'लाहोर, १९२८, पैसे परत' आहे. आणि अयोध्या प्रसाद ही अलाहाबादची केस खाली 'उलट' म्हणून लिहिलीय. दोन्ही एकाच विषयावर उलट कशा?

---

कुळागर | रात्री १०.५५

अगदी हाच प्रश्न विचारायला हवा होता. केसबुकात दोन केसेस उलट्या दिसल्या की एक चूक आहे असं नसतं. बहुतेक वेळा मधे कायद्यात एक भोक असतं, आणि दोघांनी ते वेगवेगळं बुजवायचा प्रयत्न केलेला असतो.

भोक असं. १८७७ चा कायदा फक्त लेख रद्द करून मागणाऱ्या वादीबद्दल बोलत होता. अल्पवयीन प्रतिवादी असेल, म्हणजे समोरच्याने दावा लावला आणि हा म्हणाला 'मी लहान होतो', तर काय, हे त्यात नव्हतं. खान गुलमध्ये मुलाने वय लपवून जागा विकायला घेतली, १७,५०० रुपये घेतले आणि ताबा देईना. खरेदीदाराने ताबा किंवा पैसे मागितले. ताबा मिळाला नाही, पण लाहोरच्या पूर्णपीठाने पैसे परत करायला लावले. फसवून घेतलेलं मुलाने ठेवून घेऊ नये, हा विचार. अलाहाबादच्या पूर्णपीठाने १९३७ मध्ये ते मान्य केलं नाही. करारच शून्य असताना पैसे परत द्यायला लावणं म्हणजे मागच्या दाराने तोच करार राबवणं, असा त्यांचा सूर.

हे भोक १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३३ ने बुजवलं. तुझ्या वहीत दोन प्रश्नचिन्हं घालून बसलेलं तेच ते. पोटकलम १ वादीसाठी, पोटकलम २ प्रतिवादीसाठी. प्रतिवादी करार अधिनियमाच्या कलम ११ खाली अपात्र म्हणून सुटला, तर त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जितका फायदा झालाय तितका परत करायला कोर्ट सांगू शकतं.

तुझं ते कलम हरवलं यात तुझा दोष नाही. विशिष्ट अनुतोष बहुतेक ठिकाणी वेगळा शिकवतात, म्हणून ते दुसऱ्या वहीत गेलं. पानक्रमांकाचा उपयोग अशाच वेळी होतो.

---

धावता कदंब | रात्री ११.१७

मान्य. पण सुरंगी, एवढं लिहीत बसलीस तर पेपरात लिहायला वेळ राहणार नाही.

---

सुरंगी | दुसऱ्या दिवशी, रात्री ८.४५

पानक्रमांक घालून झाले. २९४ निघाली. पात्रतेपुढे सात ठिकाणं आली! आणि मग न बघता हे पान लिहिलं. मूळ इंग्रजीत आहे कारण पेपर इंग्रजीत, इथे मराठीत टाकते. चुका सांगा.

> अल्पवयीन (कलम १०, ११)
> वय १८. कोर्टाने पालक नेमला असेल तर २१.
> करार मुळातच शून्य. नंतर वयात आल्यावर मान्यता देऊनही जिवंत होत नाही.
>
> १. राबवता येतो का?
> अल्पवयीनाविरुद्ध नाही. (मोहोरी बीबी)
> अल्पवयीनाच्या बाजूने, त्याने आपलं सगळं आधीच दिलं असेल तर हो. (मद्रास, १९१६: मुलाने पैसे दिले, गहाण त्याच्या नावे)
>
> २. घेतलेलं परत करायचं का?
> कलम ६५: नाही, पात्र पक्ष हवेत.
> मुलगा वादी: कलम ३३(१). समोरच्याला वय ठाऊक होतं तर कोर्ट बहुधा सांगणार नाही. (मोहोरी बीबी)
> मुलगा प्रतिवादी: १९६३ आधी लाहोर हो, अलाहाबाद नाही. आता कलम ३३(२), झालेल्या फायद्यापुरतं.
>
> ३. एस्टॉपेल?
> समोरच्याला ठाऊक असेल तर प्रश्नच नाही. ठाऊक नसेल तर हायकोर्टं नाही म्हणतात.
>
> ४. गरजेच्या वस्तू: कलम ६८. मुलाच्या मालमत्तेतून, त्याच्यावर व्यक्तिशः नाही.

---

कुळागर | रात्री १०.०२

हे उत्तम झालंय. आता दुरुस्त्या.

२१ वर्षांची ओळ खोड. वयाच्या कायद्यात १९९९ ला दुरुस्ती झाली आणि ते गेलं. आता सगळ्यांना १८. ही ओळ तुझ्या लेक्चरमधून आली की सीनिअरच्या आउटलाइनमधून?

---

सुरंगी | रात्री १०.०६

सीनिअरच्या. :( आणि तिने बहुधा आणखी कुणाच्या सीनिअरकडून घेतली असणार.

---

पावसाळी | रात्री १०.१५

वारसाहक्काने आलेली चूक. यात तर कुणी इन्व्हेंटरीही करत नाही.

---

कुळागर | रात्री १०.३१

हाहा. म्हणून सीनिअरची आउटलाइन वाचायचीच असेल तर आपलं पान लिहून झाल्यावर, 'माझ्याकडे काय राहिलं' एवढं बघायला. प्रत्येक कलम मात्र आजच्या बेअर ॲक्टवर बोट ठेवून तपासायचं. त्या ९६ पानांचं वय ओळखायची सोपी खूण म्हणजे विशिष्ट अनुतोषाचं कलम १०. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ते साफ बदललंय. करार प्रत्यक्ष पार पाडायला लावणं आउटलाइन अजून कोर्टाच्या मर्जीवरचं म्हणत असेल, तर ती २०१८ आधीची समज. फौजदारी विषयात तर याहून सोपं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा खुनाला ३०२ लिहिलेलं दिसलं की कागद जुना.

दुसरं, कलम ३३(२) चे शब्द इंग्रजीत जसेच्या तसे त्या पानावर हवेत, निदान शेवटचा तुकडा. प्रॉब्लेमचा सगळा वाद त्या तुकड्यावर होतो. कलम ११ चे पाठ नसले तरी चालतील.

तिसरं, कलम ६८ खाली एक केस टांग, नॅश विरुद्ध इनमन, १९०८. शिंप्याने केंब्रिजच्या विद्यार्थ्याला अकरा उंची वेस्टकोट दिले, पैसे मिळाले नाहीत, कारण पोराकडे कपडे आधीच पुरेसे होते. म्हणजे वस्तू गरजेची असून भागत नाही, देताना त्या मुलाला तिची गरज होती का हेही बघतात. निकाल इंग्लंडचा, पण परीक्षक याच वळणावर प्रश्न काढतात.

आता हे पान चालतं का ते पाहू. हा प्रश्न घे, मी रचलेला. काणकोणचा सतरा वर्षांचा 'अ', आपण एकोणीसचे आहोत असं सांगून, 'ब' ला जागा विकायचं ठरवतो आणि ३,००,००० रुपये घेतो. १,२०,००० ची मोटारसायकल घेतो, ती अजून त्याच्या दारात आहे. १,८०,००० मित्रांबरोबर मौजमजेत उडवतो. 'ब' ला वय ठाऊक नव्हतं. 'ब' दावा लावतो: जागा द्या, नाहीतर पैसे द्या. वीस मिनिटं, वही मिटून.

---

खाजें | रात्री १०.४४

मांडवीतल्या कॅसिनोत उडवले असं लिहा की. नाही, तिथे एकवीसशिवाय आत सोडत नाहीत.

---

सुरंगी | रात्री ११.२५

एकवीस मिनिटं लागली. थोडक्यात: जागा नाही, करार शून्य, मोहोरी बीबी. एस्टॉपेल: इथे 'ब' ला ठाऊक नव्हतं, म्हणून मोहोरी बीबी थेट लागत नाही, हे मी आधी लिहिलं (कदंबच्या तीन ओळींवर असते तर चुकले असते). तरी हायकोर्टांच्या मते नाहीच. कलम ६५ नाही. 'अ' प्रतिवादी, म्हणून ३३(२). मोटारसायकल किंवा तिची किंमत परत. उरलेल्या १,८०,००० वर अडकले. खान गुलप्रमाणे सगळे परत, पण कलमाचे शब्द 'जितका फायदा झाला' असे आहेत. उडवलेल्या पैशांचा फायदा झाला म्हणायचा का?

---

कुळागर | रात्री ११.४९

अडकायला हवं तिथेच अडकलीस. माझं मत: कलमाने खान गुलचा कल उचलला, पण मोजमाप स्वतःचं दिलं. पोराकडे किंवा त्याच्या मालमत्तेत काय टिकलं ते बघायचं. १,८०,००० टिकले नाहीत, म्हणून ते 'ब' ला मिळणं कठीण.

---

धावता कदंब | रात्री ११.५८

मला पटत नाही. मजा हाही फायदाच. तीन लाख त्याच्या हातात आले त्याच क्षणी फायदा झाला, नंतर त्याने काय केलं हे 'ब' ने का सोसायचं? पोराने खोटं बोलून घेतलेत. नाहीतर जो जास्त उधळेल तो जास्त सुटेल.

---

पावसाळी | मध्यरात्री १२.१०

आई म्हणून मी कदंबच्या बाजूने.

---

कुळागर | सकाळी ६.०५

कदंब, हा युक्तिवाद चांगला आहे आणि कोर्टात मीही तो करेन, माझं अशील 'ब' असेल तर. सुरंगी, आउटलाइनमध्ये ३३(२) खाली या दोन्ही बाजू एकेका ओळीत लिही आणि पुढे प्रश्नचिन्ह तसंच ठेव. उत्तरात दोन्ही मांडून एक निवडलीस की पुरे. 'कोर्ट सांगू शकतं' यातला 'शकतं' विसरू नकोस, ते सक्तीचं नाही.

---

सुरंगी | तेराव्या दिवशी, रात्री ९.३०

अपडेट. २९४ पानांची २७ झालीत, प्रत्येक उपविषय एका पानात, दोन मात्र दीड-दीड पानांचे. काल नरकासुर बघायला गेले, पण आधी चुकीतून दिलेली संमती हा विषय संपवला. :) बुडलेल्या लेक्चरांची जागा सापडली: अवाजवी दबाव. तीन फुल्या आणि फोटोतलं एकच पान. म्हणून शनिवारी पाट्यावरच्या सेंट्रल लायब्ररीत बसून तेवढंच वाचलं.

एक अडचण. राज रानी विरुद्ध प्रेम अदीब ही मुंबईची १९४९ ची केस मला दोन ठिकाणी सापडली. सरांनी ती प्रतिफलाखाली शिकवली, केसबुकात अल्पवयीनाखाली आहे. वडिलांनी अल्पवयीन मुलीसाठी निर्मात्याशी सिनेमात कामाचा करार केला, निर्मात्याने मोडला, आणि नुकसानभरपाई मिळाली नाही. कुठे ठेवू?

---

कुळागर | रात्री १०.१८

दोन्हीकडे, पण पूर्ण एकाच ठिकाणी. मुलीचं वचन शून्य, म्हणून ते प्रतिफल ठरत नाही, म्हणून वडिलांचा करारही पडतो. निकालाचं कारण अल्पवयात आहे, म्हणून पूर्ण ओळ तिथे. प्रतिफलाच्या पानावर 'राज रानी, पान ९ पाहा' एवढंच. पण तुझ्या मद्रासच्या केसशी ती ताडून बघ. दोन्हीकडे अल्पवयीनाला करारातून काहीतरी हवं होतं. एकाला मिळालं, एकीला नाही. का?

---

सुरंगी | रात्री १०.४१

मद्रासमध्ये मुलाने पैसे देऊन टाकले होते, त्याच्याकडून करायचं काही उरलं नव्हतं. इथे मुलीने अजून काम करायचं होतं, म्हणजे नुसतं वचन. तर पान ९ वरची पहिली फांदी 'कोणाविरुद्ध' एवढ्यावर न थांबता 'अल्पवयीनाचं देणं बाकी आहे का' अशी हवी. बदलते.

देव बरें करूं, कुळागर.

---

धावता कदंब | रात्री ११.०२

मी माझी जुनी आउटलाइन काढून बघितली. २१ वर्षं. कलम १० पण जुनंच. आणि ती मी गेल्या वर्षी सहा जणांना पाठवलीय. आता त्यांना काय सांगू?

---

मांडवी काठ | रात्री ११.३०

वकीलसाहेब, भाच्याचे कागद घेऊन सोमवारी म्हापशाला येतो. विसार घेणारे भावोजी 'खर्च झाले' म्हणतायत.